बाबांचा प्लॉट, २,२५६ मीटर आणि आमच्या सात सह्या

बाबा नोकरीनिमित्त बरीच वर्षं घाटावर होते. १९८६ साली त्यांनी तिथे शहराच्या कडेला बारा आर जमीन घेतली, म्हणजे १,२०० चौरस मीटर. पुढे ते नोकरी सोडून फोंड्याला परत आले. जमिनीची आठवण फक्त दरवर्षी कर भरताना व्हायची. २०१७ मध्ये बाबा गेले. चार वर्षांनी दादाने तो प्लॉट विकायला काढला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने सांगितलं, "यावर बागेचं आरक्षण आहे. आम्हाला नको."

शहर तोवर त्या जमिनीच्या चारी बाजूंनी वाढलं होतं. नगररचना विभागातून झोन दाखला काढला तेव्हा खात्री झाली: विकास आराखड्यात अख्खा प्लॉट हिरवा रंगवलेला. तिथे आम्हाला घर बांधता येणार नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

या प्लॉटच्या बदल्यात आम्हाला टीडीआर मिळाला, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क: जमीन पालिकेला दिली की तिच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्या प्लॉटवर जादा बांधकाम करण्यासाठी विकता येणारा हक्क. मिळायला दोन वर्षं लागली, विकायला आणखी काही महिने. फोंड्यात आणि म्हापशात अशी बरीच कुटुंबं आहेत ज्यांच्या वडिलांनी मुंबई-पुण्याकडे नोकरी करताना तिथे तुकडा घेऊन ठेवला. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नियम सगळे महाराष्ट्राचे आहेत, कारण जमीन तिथली. मात्र वारसा आमचा, गोव्याचा, आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त आडवा आला.

पैसे, टीडीआर की नोटीस

आरक्षित जमीन महापालिकेला घ्यायची असेल तर महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं १२६ वं कलम तीन रस्ते देतं. एक, मालकाशी बोलून पैसे देऊन घ्यायची. दुसरा, पैशांऐवजी एफएसआय किंवा टीडीआर द्यायचा. तिसरा, सरकारकडून भूसंपादन करून घ्यायचं. एफएसआय म्हणजे आपण गोव्यात ज्याला एफएआर म्हणतो तेच, प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं माप. रोख पैसे देण्याची पालिकेची तयारी नसते, निदान आम्हाला तरी तसं स्वच्छ सांगण्यात आलं.

वकिलाने चौथी वाटही सुचवली होती. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेने जमीन घेतली नाही, तर १२७ व्या कलमाखाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिकेने ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण उठतं. दादाचा कल या वाटेकडे होता. बाबांची जमीन हातातून जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ते मलाही कळत होतं.

पण आमच्या प्लॉटला येणारी वाट अरुंद होती, जेमतेम साडेचार मीटर. आरक्षण उठलं तरी अशा वाटेवर मूळ एफएसआयच्या वर काही चढवता येत नाही. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर बाहेरचा टीडीआर वापरता येत नाही, पालिकेला पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआयही नाही. म्हणजे दोन वर्षं थांबून, कदाचित कोर्टात जाऊन जे मिळालं असतं ते बिल्डरच्या दृष्टीने फारसं कामाचं नव्हतं. टीडीआरचं तसं नाही. जमीन अरुंद गल्लीत असली तरी तिच्यापासून निघालेला हक्क शहरातल्या रुंद रस्त्यावरच्या दुसऱ्या प्लॉटवर जाऊन बसतो. टीडीआर घ्यायचं आम्ही याच कारणाने ठरवलं.

किती मिळतो? २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच नियमावली लागू झाली, तिथले लोक तिला युनिफाइड डीसीपीआर म्हणतात. तिच्यात दाट वस्तीच्या जुन्या गावठाणी भागात सोडलेल्या जमिनीच्या तिप्पट आणि बाकी भागात दुप्पट टीडीआर आहे. आमचा प्लॉट दुसऱ्या प्रकारात. १,२०० ची दुप्पट २,४००. दादाने त्या रात्री तो आकडा फोनवर तीनदा उच्चारला.

तो आकडा आम्हाला मिळाला नाही.

मोजणीचा दिवस

सातबाऱ्यावर बारा आर लिहिलेले असले तरी टीडीआर सातबाऱ्यावरून ठरत नाही. जागेवर मोजून जेवढी मोकळी, कुणाचा ताबा नसलेली जमीन प्रत्यक्ष पालिकेच्या हातात जाते, तेवढीच धरतात. सातबारा आणि मोजणी यांत फरक आला तर कमी असेल तो आकडा घेतात. म्हणून भूमी अभिलेख खात्याची मोजणी लावावी लागते आणि तिची 'क' प्रत फाइलला जोडावी लागते.

मोजणीला मी आणि भावोजी रात्रीच्या बसने गेलो. आईही हट्टाने आली. मोजणीदार सकाळी साडेदहाला आला, मशीन तिकाटण्यावर लावलं आणि जुन्या नकाशावरून एकेक कोपरा शोधायला लागला. तीन कोपरे सापडले. तिथे बाबांनी पुरलेले दगड होते, एकावर चुन्याचा जुना डागही दिसत होता. चौथा कोपरा शोधत तो चालत गेला आणि शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबला. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, "खूण आत येते." भिंतीपलीकडे त्यांची पाण्याची टाकी होती आणि तुळशीचं वृंदावन.

७२ चौरस मीटर. भिंत किती वर्षांची ते शेजाऱ्यांनाही धड सांगता येईना. त्यांनी बंगला दुसऱ्याकडून घेतलेला. भांडायला कुणी समोर नव्हतं, आणि दावा लावला असता तर सगळी फाइल त्या दाव्यापाशी अडकली असती. पालिका वादातली जमीन घेत नाही. त्या रात्री लॉजवर आई म्हणाली, "तेवढं सोडा. बाकीचं आधी मार्गी लावा." तिने ते सहज म्हटलं नव्हतं, तिचा आवाज मला अजून आठवतो.

राहिले १,१२८ मीटर. दुप्पट २,२५६. भिंतीपलीकडचे ७२ मीटर म्हणजे प्रमाणपत्रावरचे १४४ मीटर गेले. ज्यांची जमीन अशी दूर पडून आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच की काही ठरवण्याआधी मोजणी लावा. आम्ही दहा वर्षांपूर्वी लावली असती तर ती भिंत कदाचित तेव्हाच बोलून मागे घेता आली असती.

अर्धा वाटा आईचा

मोजणीनंतर कागदपत्रं. सातबारा, सगळे जुने फेरफार, तीस वर्षांचा शोध अहवाल, झोन दाखला, मोजणीचा नकाशा, प्रतिज्ञापत्रं, बंधपत्र. हे सगळं वेळखाऊ असलं तरी समजण्यासारखं आहे, आणि तिथला वास्तुविशारद ते करून देतो. आमची फाइल अडली ती विधी शाखेत, वारसांपाशी.

बाबा गेल्यावर दादाने तिथल्या तलाठ्याकडे वारस नोंद केली होती. सातबाऱ्यावर चार नावं लागली: आई, दादा, ताई, मी. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायदा. बाबांनी स्वतः घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, तेव्हा बायको आणि तीन मुलं यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. तिथल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात हेच गणित होतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पण आम्ही गोयकार. आईबाबांचं लग्न इथलं, लग्नाआधी संपत्तीचा वेगळा करार केलेला नाही. आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे अशा लग्नात नवरा-बायकोची सगळी मिळकत सामाईक होते. म्हणजे त्या प्लॉटचा अर्धा भाग बाबा हयात असतानाच आईचा होता. बाबा गेल्यावर वारसांत वाटला गेला तो उरलेला अर्धा, आम्हा तीन मुलांत सारखा. आईचा अर्धा, आमचा प्रत्येकी सहावा हिस्सा. आणि तोच नियम पुढच्या पिढीला लावला तर माझ्या सहाव्या हिश्शात माझ्या नवऱ्याचा, दादाच्या हिश्शात वहिनीचा आणि ताईच्या हिश्शात भावोजींचाही हक्क येतो. म्हणून गोव्यात घर विकताना जावई-सुनांच्या सह्या लागतात. इथल्या सब-रजिस्ट्रारला हे सांगावं लागत नाही. घाटावर कुणी ऐकलेलंच नव्हतं.

प्रश्न असा की जमीन महाराष्ट्रात असताना गोव्याचा कायदा लागू होतो का. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात दिलं आहे. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची भारतात गोव्याबाहेर कुठेही मिळकत असली तरी तिचा वारसा गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणेच चालतो. त्या खटल्यातली वादाची मिळकत मुंबईत होती. आमच्या वकिलाने निकालाची प्रत फाइलला जोडली.

नुसती प्रत पुरली नाही. फोंड्याच्या विशेष नोटरीकडे जाऊन उत्तराधिकाराचं पत्र, सगळे ज्याला इथे 'डीड ऑफ सक्सेशन' म्हणतात ते, करून घ्यावं लागलं. त्यात आई अर्ध्याची धनी म्हणून आणि आम्ही तिघं जोडीदारांसह वारस म्हणून आलो. मग विधी शाखेने विचारलं, या पत्रात सात नावं आहेत, सातबाऱ्यावर चार का? पुन्हा फेरफार घालायला कित्येक महिने गेले असते. शेवटी तोड निघाली ती अशी: अर्ज चौघांच्या नावाने, आणि तिन्ही जोडीदारांनी प्रत्येक दस्तावर संमती देणार म्हणून सही करायची. ताबा देण्याच्या दस्तापासून शेवटच्या विक्रीपर्यंत प्रत्येक कागदावर सात सह्या.

हे त्रासाचं होतं, पण मला ते योग्यच वाटतं. कुणी म्हणालं होतं, "कशाला गोव्याचा विषय काढता, चौघांत चौथा हिस्सा दाखवून मोकळे व्हा." तसं केलं असतं तर आईचा अर्धा वाटा पाव झाला असता. आयुष्यभर बाबांच्या पगारात घर चालवलेल्या बाईचा हक्क एका सोयीसाठी निम्मा करायचा, हे आमच्यातल्या कुणालाच मान्य नव्हतं. शिवाय पुढे कधी वाद निघाला असता तर चुकीच्या वारसांनी दिलेला ताबा आणि त्यावरून निघालेलं प्रमाणपत्र, दोन्ही धोक्यात आली असती. टीडीआर विकत घेणाऱ्या बिल्डरचा वकील हेच सगळ्यात आधी पाहतो, हे नंतर कळलं.

जमीन जाते, कागद येतो

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस झाली, हरकत आली नाही. मग पालिकेने सांगितलं: जमीन सपाट करा, कंपाउंड घाला, मग ताबा घेऊ. हे दोन्ही मालकाच्या खर्चाने असतं. जेसीबी लावला. एका कोपऱ्यात बाबांनी लावलेली दोन आंब्याची झाडं होती. बाग होणार असल्यामुळे ती तशीच ठेवायला परवानगी मिळाली, याचा आईला फार आनंद झाला.

पुढचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी जमीन पालिकेच्या नावाने नोंदणीकृत दस्ताने द्यायची, मग ताबा पावती, मग सातबाऱ्यावर पालिकेचं नाव लागायचं, आणि ते लागलेला उतारा दिल्यावर विकास हक्क प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे मध्ये असा एक काळ येतो जेव्हा जमीन तुमची नसते आणि प्रमाणपत्रही हातात नसतं. आमच्या बाबतीत तो काळ जवळजवळ पाच महिन्यांचा होता. फेरफारात सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा चुकीचा पडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत सगळं थांबलं. त्या पाच महिन्यांत घरात कुणी या विषयावर मोठ्याने बोलत नव्हतं. दस्त नोंदवल्यावर पोटहिस्सा, क्षेत्र आणि नावं प्रत्येक कागदावर अक्षर न अक्षर जुळतात का ते त्याच दिवशी पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही.

२०२३ मध्ये प्रमाणपत्र आलं. जाड कागद, त्यावर क्रमांक, आमची चौघांची नावं, जमीन कुठली त्याचा तपशील, आकड्यात आणि अक्षरात '२,२५६ चौरस मीटर', आणि आणखी एक ओळ. तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही: वार्षिक दर तक्त्याप्रमाणे जमिनीचा दर आणि तो कुठल्या वर्षाचा. या सरकारी तक्त्यालाच रेडी रेकनर म्हणतात, आणि आमच्या प्लॉटचा त्यातला दर होता १८,००० रुपये मीटरला. सगळा व्यवहार या ओळीवर फिरतो.

कागदावरचे मीटर आणि चढणारे मीटर

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हा भाग घरच्यांनी माझ्यावर सोपवला.

प्रमाणपत्रावर २,२५६ मीटर असले तरी विकत घेणाऱ्याला आपल्या प्लॉटवर २,२५६ मीटर बांधता येतातच असं नाही. जमीन शहराच्या कडेला स्वस्त भागात सोडली आणि हक्क मध्यवस्तीत महाग भागात वापरला, तर मीटरला मीटर देणं अन्यायाचं होईल, म्हणून नियमावलीत एक सूत्र आहे:

```
X = (Rg / Rr) × Y
```

Y म्हणजे प्रमाणपत्रातून वजा होणारे मीटर. X म्हणजे घेणाऱ्याच्या प्लॉटवर प्रत्यक्ष चढणारे मीटर. Rg आपल्या सोडलेल्या जमिनीचा रेडी रेकनर दर आणि Rr ज्या प्लॉटवर हक्क वापरायचा त्याचा दर. दोन्ही दर एकाच वर्षाचे धरतात, ज्या वर्षी हक्क निर्माण झाला त्या वर्षाचे. त्यामुळे पुढे रेडी रेकनर वाढला म्हणून सूत्रात आपला काही फायदा होत नाही.

आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं आली. पहिलं एका दलालामार्फत. दलाल म्हणाला, "पार्टी सोळा हजार द्यायला तयार आहे." दुसरा बिल्डर थेट आला होता, त्याने नऊ हजार सांगितले. दादा म्हणाला, यात विचार काय करायचा.

मी दलालाला विचारलं, सोळा हजार कुठल्या मीटरचे? थोडी टोलवाटोलवी झाल्यावर कळलं की ते चढणाऱ्या मीटरचे. त्या पार्टीचा प्लॉट मध्यवस्तीत, दर ३६,०००. म्हणजे आमचे १८,००० भागिले ३६,०००, बरोबर निम्मे. आमचे सगळे २,२५६ मीटर घेतले तरी तिथे चढणार १,१२८, आणि १,१२८ गुणिले १६,००० म्हणजे १ कोटी ८० लाख ४८ हजार. प्रमाणपत्रावरच्या मीटरला भाव पडला आठ हजार. दुसऱ्या बिल्डरचे नऊ हजार मात्र प्रमाणपत्रावरच्या मीटरचे होते. त्याच हिशोबाने २,२५६ मीटरचे २ कोटी ३ लाख ४ हजार होतात. जो आकडा जवळजवळ दुप्पट वाटत होता तोच कमी निघाला.

पुढे ज्या ज्या दलालाशी बोलणं झालं त्यांच्या बोलण्यात हा घोळ दर वेळी दिसला. भाव सांगताना मीटर कुठला, प्लॉट कुठला, तिथला रेडी रेकनर किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आकडा ऐकूच नये. काही जण तर चौरस फुटात भाव सांगतात, तेव्हा १०.७६ ने गुणून मीटरवर आणा आणि मगच तुलना करा.

भाव नऊ हजारांवर का अडला तेही त्या बिल्डरने मला नीट समजावून सांगितलं, त्याचे आभार. त्याच्या प्लॉटचा दर २४,०००. आमच्या प्रमाणपत्राचे चार मीटर घेतले की त्याच्याकडे तीन चढतात. नऊ हजारांनी घेतलेला टीडीआर त्याला चढणाऱ्या मीटरमागे बारा हजारांना पडत होता, म्हणजे त्याच्या जमीनदराच्या निम्म्याला. आणि पालिकेकडे थेट पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय? त्याचा दर जमीनदराच्या ३५ टक्के, म्हणजे ८,४०० रुपये. प्रीमियम जितका घेता येतो तितका बिल्डर तो आधी घेतो, आणि त्याच्यावर आणखी बांधायचं असेल तर टीडीआरकडे वळतो. आमच्या कागदाचा भाव ठरवणारा खरा प्रतिस्पर्धी दुसरा शेतकरी नव्हता, पालिकेची खिडकी होती. हे कळल्यावर दादाने बारा हजारांचा आग्रह सोडला.

व्यवहार

त्या बिल्डरला सगळे मीटर नको होते. एका प्लॉटवर किती टीडीआर चढवायचा याला रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मर्यादा असते. त्याच्या वास्तुविशारदाने काढून दिलं की त्याला १,२०० मीटर चढवायचे आहेत. मग आमच्याकडून किती लागतील? सूत्र उलटं फिरवायचं: १,२०० गुणिले २४,००० भागिले १८,०००, म्हणजे १,६००. नऊ हजारांनी १ कोटी ४४ लाख. प्रमाणपत्रावर ६५६ मीटर शिल्लक राहणार होते. तुकड्यातुकड्याने विकता येतं, त्यात अडचण नाही.

पहिल्या दलालाने मला अजून एक रस्ता दाखवला होता. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करार, कोऱ्या अर्जांवर आमच्या सात सह्या आणि मूळ प्रमाणपत्र त्याच्या ताब्यात. "सगळेच असं करतात," तो म्हणाला. नियम अगदी स्पष्ट आहे. आयुक्तांनी प्रमाणपत्रावर नव्या धारकाच्या नावाची नोंद केल्याशिवाय हस्तांतर वैध होत नाही, तोवर तो हक्क मूळ धारकच वापरू शकतो. नोटरी कराराने घेणाऱ्याला काही मिळत नाही, आणि कोऱ्या सह्या दिल्या की देणाऱ्याच्या हातातही काही उरत नाही. मी उठून आले.

आम्ही करार नोंदणीकृत केला. टीडीआर ही जमिनीतून उपजणारी गोष्ट आहे आणि म्हणून स्थावर मिळकतीसारखीच आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलेलं आहे. त्यामुळे आमच्या वकिलाने मुद्रांक आणि नोंदणी यात तडजोड करू दिली नाही. करारात कुठल्या मीटरचे पैसे ते अक्षरात लिहून घेतलं: 'प्रमाणपत्रातून वजा होणारे १,६०० चौरस मीटर, प्रति मीटर ९,००० रुपये'. नोंदणीच्या दिवशी चौथा हिस्सा रक्कम मिळाली. उरलेल्या रकमेचे डिमांड ड्राफ्ट, आमच्या प्रत्येकाच्या नावाने वेगळे, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या वकिलाकडे ठेवले. नावाची नोंद झालेलं प्रमाणपत्र हातात आलं की त्याच टेबलावर ड्राफ्ट द्यायचे. मूळ प्रमाणपत्र पालिकेत नेऊन देण्याचं काम दादाने स्वतः केलं, दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

सहा आठवडे लागले. आईचे ७२ लाख, आमचे प्रत्येकी २४. आयकराचं काम आमच्या सीएने पाहिलं, ते इथे लिहिण्याइतकं मला कळत नाही.

शिल्लक ६५६ मीटर अजून आमच्या चौघांच्या नावावर आहेत. मी दर दोन-तीन महिन्यांनी तिथल्या वास्तुविशारदाला फोन करते. आमच्या दराच्या जवळपास असलेल्या भागात कुणी बांधणार असेल तर कळवा, असं सांगून ठेवलं आहे, कारण त्याच्याकडे चार मीटरचे जवळजवळ चारच चढतील आणि तोच आम्हाला चांगला भाव देऊ शकेल.

आणि ते ७२ मीटर. सातबाऱ्यावर तेवढ्या तुकड्यापुरती आमची नावं अजून आहेत, वर बागेचं आरक्षणही तसंच. गेल्या महिन्यात शेजारच्या बंगल्याच्या मालकाने दादाला फोन केला. त्यांना बंगला पाडून नवीन बांधायचा आहे आणि नकाशा मंजूर होत नाही, कारण त्यांच्या मोजणीतही आता तीच खूण भिंतीच्या आत आली आहे. दादाने त्यांना रविवारी फोंड्याला बोलावलं आहे. आईने सांगितलंय की बोलणी तिच्यासमोरच व्हायला हवीत.